विश्वास देणारी, पण आश्वासन न देणारी ओळ

वकील, सनदी लेखापाल, गुंतवणूक सल्लागार या व्यवसायांना पूर्वी दारावरची पाटी आणि जुन्या अशिलांची शिफारस एवढ्यावर भागत असे. आता त्यांचे छायाचित्र, चित्रफीत किंवा माहितीपट्टी समाजमाध्यमांवर येते आणि तिच्याखाली चार-सहा ओळींचा मजकूर असतो. त्याला सगळेच ‘कॅप्शन’ म्हणतात. या चार ओळी लिहिताना साबण किंवा पर्यटन कंपनीच्या लेखकाला नसणारी एक अडचण येते. इथे विकली जाणारी गोष्ट म्हणजे सल्ला, आणि सल्ल्याचे फळ सल्ला देणाऱ्याच्या हाती नसते. बाजार पडू शकतो, निकाल विरुद्ध जाऊ शकतो. त्यामुळे ओळ आकर्षक करण्याच्या नादात ती आश्वासन होऊन बसते. आश्वासन टाळावे म्हणून ती परिभाषेच्या आड जाते. या दोन टोकांच्या मध्ये उभे राहणे शक्य आहे. त्यासाठी ‘काय मिळेल’ हे सांगायचे सोडून ‘आम्ही काय करतो आणि काय करत नाही’ हे साध्या क्रियापदांत सांगावे लागते.

भारतात या दोन व्यवसायांना लागू असलेले नियम मात्र सारखे नाहीत. गुंतवणूक सल्लागाराला जाहिरात करता येते, तीही ठरवून दिलेल्या मर्यादेत. वकिलाला ती करताच येत नाही. म्हणून आधी सल्लागाराची ओळ पाहू आणि मग वकिलाकडे वळू.

सेबीची आचारसंहिता काय सांगते?

शेअर बाजाराचे नियंत्रण करणाऱ्या सेबीने गुंतवणूक सल्लागार आणि संशोधन विश्लेषक यांच्यासाठी जाहिरातीची आचारसंहिता एप्रिल २०२३ मध्ये जारी केली. ती १ मे २०२३ पासून लागू झाली. जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातला चौकोन एवढेच तिला अभिप्रेत नाही. पत्रके, फलक, ई-मेल, मोबाइलवरील संदेश आणि समाजमाध्यमांवरील मजकूर हे सारे तिच्या कक्षेत येते. म्हणजे ‘ती जाहिरात नव्हती, नुसती कॅप्शन होती’ हा बचाव उपयोगाचा नाही.

संहितेत मनाई केलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. खात्रीच्या किंवा जोखीमरहित परताव्याचे आश्वासन नको. गृहीतकांवर किंवा अंदाजांवर बेतलेली दिशाभूल करणारी विधाने नकोत. ‘सर्वोत्तम’, ‘नंबर वन’, ‘अग्रगण्य’ अशी विशेषणे नकोत. पूर्वीच्या कामगिरीचे दाखले नकोत. या कामगिरीची स्वतंत्र संस्थेकडून पडताळणी व्हावी यासाठी सेबीने २०२५ मध्ये चौकट आखली. पण स्वतःच मोजलेले आणि स्वतःच छापलेले आकडे तिच्यात बसत नाहीत. या यादीतले एक कलम फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. ग्राहकाचे लक्ष विचलित होईल इतका तांत्रिक वा कायदेशीर शब्दांचा, क्लिष्ट भाषेचा आणि अनावश्यक तपशिलांचा मारा करण्यासही संहितेने मनाई केली आहे. थोडक्यात, अवघड लिहिणे हा केवळ शैलीचा दोष राहिलेला नाही, तो नियमभंगही ठरू शकतो.

एका मसुद्याची गोष्ट

उदाहरणादाखल पुण्यातील एका नोंदणीकृत सल्लागाराचे छोटे कार्यालय डोळ्यांसमोर आणू. मुलांच्या शिक्षणासाठीची बचत हा विषय आहे. समाजमाध्यमांचे काम पाहणाऱ्या तरुण सहकाऱ्याने पुढील मसुदा दिला:

“मित्रांनो, श्रीमंत व्हायचंय? दरमहा फक्त १० हजारांची एसआयपी करा आणि १५ वर्षांत मिळवा तब्बल ५० लाख! सेबी मान्यताप्राप्त नं. १ सल्लागार. आजच मेसेज करा!”

असा मजकूर रोज नजरेखालून जातो आणि त्यात कुणाला काही वावगेही वाटत नाही. वस्तुतः त्यात किमान चार दोष आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा दोष आकड्याचा आहे.

५० लाखांचा हिशेब खोटा नाही. दरमहा दहा हजार रुपये महिन्याच्या सुरुवातीला भरले आणि त्यांवर दर महिन्याला एक टक्का, म्हणजे ढोबळमानाने वार्षिक १२ टक्के वाढ मिळत राहिली, तर १८० हप्त्यांनंतर सुमारे ५० लाख ४६ हजार रुपये होतात. पण हे ‘तर’ कॅप्शनमध्ये कुठेच नाही. हाच दर ८ टक्के धरला तर रक्कम सुमारे ३४ लाख ८० हजारांवर येते. भरलेली रक्कम दोन्ही वेळा १८ लाखच आहे. म्हणजे एका गृहीतकाने साडेपंधरा लाखांचा फरक पडला. शिवाय बाजार दरवर्षी सारखा वाढत नाही. शेवटच्या दोन वर्षांत घसरण आली तर सरासरी काहीही असली तरी हाती येणारी रक्कम बदलते. तिसरी गोष्ट महागाईची. ती वर्षाला ६ टक्के राहिली तर पंधरा वर्षांनंतरच्या ५० लाखांची खरेदीशक्ती आजच्या सुमारे २१ लाखांएवढी असेल. ज्या आईवडिलांनी ही ओळ वाचून मुलीच्या शिक्षणाची चिंता मिटली असे मानले, त्यांना बसणारा धक्का पंधरा वर्षांनी बसतो. तेव्हा ती कॅप्शन कुणालाही आठवत नसते.

यावर ‘मिळवा’ऐवजी ‘मिळू शकतात’ लिहावे असा उपाय सुचतो. तो पुरेसा नाही. मराठी वाचक ‘शकतात’ हा शब्द वाचत नाही, तो ५० लाख वाचतो. आकडा उभा राहिला की क्रियापदाला त्याचे ओझे पेलवत नाही. ‘अंदाजे’, ‘साधारण’, आकड्यापुढे टाकलेली फुली आणि तळाशी बारीक अक्षरांतला खुलासा यांचीही तीच गत होते. भविष्यातील रकमेचा आकडा कॅप्शनमधून संपूर्ण काढणे, हाच खरा मार्ग आहे. तो हिशेब अशिलासमोर बसून, दोन-तीन वेगवेगळे दर धरून, कागदावर मांडायचा असतो.

दुसरा दोष ‘सेबी मान्यताप्राप्त’ या शब्दांत आहे. सेबी सल्लागाराची नोंदणी करते, त्याच्या सल्ल्याला मान्यता देत नाही. नोंदणी, पर्यवेक्षी संस्थेचे सदस्यत्व किंवा परीक्षेचे प्रमाणपत्र यांमुळे कामगिरीची वा परताव्याची हमी मिळत नाही, असे स्पष्टपणे सांगण्याचे बंधन संहितेनेच घातले आहे. म्हणून ‘सेबीकडे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार’ एवढेच लिहावे आणि पुढे नोंदणी क्रमांक द्यावा. सल्लागाराचा क्रमांक INA या अक्षरांनी सुरू होतो. वाचकाला तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो आणि ही सोय कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक विश्वास देते. म्युच्युअल फंडाचे वितरक मात्र सल्लागार नव्हेत. त्यांच्याकडे ARN क्रमांक असतो आणि त्यांना फंड कंपनीकडून कमिशन मिळते. नोंदणी नसताना ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ किंवा ‘वेल्थ अ‍ॅडव्हायझर’ अशी बिरुदे वापरण्यास वितरकांना २०२० पासून मनाई आहे. अनेकांच्या कॅप्शनमध्ये ती अजून दिसतात, ही गोष्ट वेगळी.

‘नं. १’ हा तिसरा दोष. त्याबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही. चौथा दोष ‘मित्रांनो’ या संबोधनाचा, त्याकडे पुढे येऊ.

दुसरे टोक

मसुदा वरिष्ठांकडे गेला. त्यांनी धोका ओळखला आणि स्वतःच्या हाताने नवा मजकूर लिहिला:

“दीर्घकालीन संपत्तीनिर्मितीच्या प्रवासात सुयोग्य मत्ता-विभाजन आणि जोखीम-सहनशीलतेचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन अनिवार्य ठरते. आमच्या अनुभवी चमूकडून सर्वसमावेशक वित्तीय उपाययोजना प्राप्त करा.”

यात खोटे काही नाही. खरे म्हणावे असेही काही नाही. कोणत्याही शहरातील कोणत्याही कार्यालयाचे नाव खाली घातले तरी मजकूर तसाच बसेल, आणि निरर्थक कॅप्शन ओळखण्याची ही सर्वांत सोपी कसोटी आहे. ‘मत्ता-विभाजन’ काढून ‘अ‍ॅसेट अ‍ॅलोकेशन’ लिहिल्याने काही साधत नाही. परिभाषा संस्कृतातली असो वा इंग्रजीतली, वाचकाच्या घरातला शब्द ती नव्हे. दोन्हींचा अर्थ एवढाच की किती पैसे बँकेत, किती फंडात आणि किती सोन्यात ठेवायचे ते ठरवणे. ‘जोखीम-सहनशीलता’ म्हणजे गुंतवलेल्या एक लाखाचे सत्तर हजार दिसू लागले तर झोप लागेल का, आणि लागली तरी ते पैसे त्याच महिन्यात लागणार नाहीत ना, हे दोन प्रश्न. प्रश्न विचारले की शब्दाची गरज उरत नाही.

सगळीच परिभाषा टाकून द्यावी असे मात्र नाही. एसआयपी, केवायसी, एफडी, ईएमआय हे शब्द शहरी मराठी घरांत रुळलेले आहेत. ‘ईएमआय’च्या जागी ‘समान मासिक हप्ता’ लिहिण्याने मजकूर शुद्ध होईल, समजायला सोपा होणार नाही. ‘हप्ता’ हा एकच शब्द दोन्हींपेक्षा बरा. कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे ठरवण्यासाठी कार्यालयात नव्याने येणारे लोक स्वतःहून कोणते शब्द वापरतात ते आठवडाभर टिपून ठेवावे. शब्दकोशापेक्षा ती वही अधिक कामाची ठरते.

तिसरा मसुदा

मग दोघांनी मिळून विषयाची सुरुवात बदलली. परताव्यावरून नव्हे, तर पहिल्या भेटीत प्रत्यक्षात काय घडते त्यावरून लिहायचे ठरले. मजकूर असा झाला:

“मुलीच्या कॉलेजसाठी दरमहा किती बाजूला टाकावे लागतील? हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधी तीन गोष्टी विचारतो. पैसे नेमके कोणत्या वर्षी लागतील? घराचा हप्ता किती आहे? आणि सहा महिने पगार थांबला तर घर कशावर चालेल? उत्तरे पाहून किती रक्कम बँकेत ठेवावी आणि किती शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात, हे आम्ही लिहून देतो. फंडातली रक्कम कमीही होऊ शकते. म्हणून तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे तिथे ठेवा, असे आम्ही सांगत नाही. आमचे शुल्क ठरलेले असते. फंड कंपनीकडून आम्ही कमिशन घेत नाही.”

या मजकुरात वचन नाही असे नव्हे. तीन वचने आहेत: तीन प्रश्न विचारू, लेखी देऊ, कमिशन घेणार नाही. तिन्ही सल्लागाराच्या हातातली आहेत आणि पाळली गेली नाहीत तर ग्राहकाला बोट दाखवता येते. कॅप्शनमधले प्रत्येक क्रियापद सुटे काढून ‘याचा कर्ता कोण?’ असे विचारले की खोटे आश्वासन लगेच सापडते. ‘विचारतो’, ‘लिहून देतो’, ‘घेत नाही’ यांचा कर्ता कार्यालय आहे. ‘मिळवा’, ‘वाढेल’, ‘दुप्पट होईल’ यांचा खरा कर्ता बाजार आहे, आणि बाजाराच्या वतीने कुणी सही करू शकत नाही.

जोखमीचे वाक्यही इथे मजकुराचाच भाग आहे. ‘गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन आहे’ हा इशारा इतक्या वेळा आणि इतक्या घाईने कानांवर पडला आहे की तो ऐकू येईनासा झाला आहे. तो गाळता येत नाही. संहितेने ठरवून दिलेल्या त्याच्या शब्दांत भर घालता येत नाही की काटछाटही करता येत नाही, आणि तो वाचता येईल अशा किमान दहा आकाराच्या अक्षरांत असावा लागतो. तो, सल्लागाराचे नोंदणीकृत नाव, पत्ता आणि क्रमांक हे सारे चित्रावरच स्पष्ट छापणे सोयीचे. पण ठरीव इशारा आहे म्हणून मजकुरात जोखमीविषयी बोलायचेच नाही, ही पळवाट झाली. ‘फंडातली रक्कम कमीही होऊ शकते’ हे सहा-सात अक्षरांच्या शब्दांशिवाय सांगितलेले वाक्य वाचकाला अधिक कळते, आणि त्यानंतरचे ‘म्हणून’ त्या जोखमीचे पुढे काय करायचे तेही सांगते.

जागेचाही विचार करावा लागतो. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० चिन्हांची मर्यादा आहे, पण मोबाइलच्या पडद्यावर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. बाकीचा मजकूर उघडावा लागतो. पुष्कळ लोक तो उघडत नाहीत. देवनागरीत वेलांटी, उकार, अनुस्वार यांची गणना वेगळी होते. ‘गुंतवणूक’ हा शब्द वाचताना पाच अक्षरांचा, पण यंत्राच्या लेखी आठ चिन्हांचा. पहिल्या ओळीत मोठा दावा आणि त्याला मुरड घालणारे वाक्य आठव्या ओळीत, अशी रचना म्हणूनच अप्रामाणिक ठरते. ब्रिटनच्या आर्थिक नियामकाने मार्च २०२४ मध्ये समाजमाध्यमांविषयी दिलेल्या मार्गदर्शनात प्रत्येक मजकूर स्वतंत्रपणे, एकट्याने नियमात बसला पाहिजे असे म्हटले आहे. लंडनमध्ये व्यवसाय करणाऱ्या मराठी सल्लागारांना ते पाळावेच लागते; इथल्यांनीही ती कसोटी लावून पाहायला हरकत नाही. वरच्या तिसऱ्या मसुद्याची पहिली ओळ एक प्रश्न आहे. ती एकटी वाचली तरी तिच्यातून कुणाची दिशाभूल होत नाही.

तुम्ही की आपण?

‘मित्रांनो’ हे संबोधन व्यासपीठावरून किंवा चित्रफितीच्या सुरुवातीला खपते. पैशांच्या बाबतीत मात्र ते खटकते, कारण मैत्री अजून झालेली नसते आणि बोलणारा शुल्क घेणार असतो. दुसरीकडे ‘आपण आमच्या कार्यालयास भेट देऊन उपकृत करावे’ हे निमंत्रणपत्रिकेचे मराठी. यांच्यामधला ‘तुम्ही’ हा शब्द मराठीत आदरही राखतो आणि अंतरही कमी करतो. बहुतेक कॅप्शनना तोच शोभतो. ‘आपण’ या सर्वनामाचा आणखी एक घोटाळा आहे. ते समोरच्याला उद्देशून आदरार्थीही असते आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ या अर्थीही. ‘आपण दरमहा गुंतवणूक करू’ या वाक्यात पैसे कुणाचे जाणार? वाचकाचे. तोटा झाला तर तो ‘आपला’ नसतो. म्हणून पैसे भरण्याच्या आणि जोखमीच्या वाक्यांत ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ हे कर्ते वेगळे ठेवणे प्रामाणिकपणाचे.

बोलीचा सूर कितपत आणावा, यावर कार्यालयांत वाद होतात. ‘व्हायचंय’, ‘करायचंय’ अशी बोली रूपे वापरल्याने मजकूर आपोआप आपुलकीचा होत नाही, आणि ‘व्हायचे आहे’ लिहिल्याने तो थंडही होत नाही. आपुलकी येते ती वाचकाची अडचण नेमकी ओळखल्याने. ‘सहा महिने पगार थांबला तर’ हे शब्द प्रमाणभाषेतले आहेत. तरी आयटी कंपनीतल्या माणसाला ते थेट लागतात. उद्गारचिन्हे आणि हसरे चेहरे यांना इथे फारसे काम नाही. एखाद्या सणाच्या शुभेच्छांत ते ठीक. नुकसानीचा इशारा देणाऱ्या वाक्याशेजारी हसरा चेहरा विपरीत दिसतो.

काही विशेषणे निरुपद्रवी भासतात, पण ती वापरताना थांबावे. ‘सुरक्षित’ हे त्यांतले पहिले. ‘बँकेतली ठेव सुरक्षित’ असे सहज लिहिले जाते. ठेव विमा मात्र फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतच आहे. सहकारी बँकांच्या दारातल्या रांगा पाहिलेल्या महाराष्ट्राला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, तो लिहावा मात्र लागतो. ‘करमुक्त’ हे दुसरे. करांचे दर बदलतात आणि जुनी कॅप्शन जागेवरच राहते. शेअर आणि इक्विटी फंडांवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर २३ जुलै २०२४ पासून १० टक्क्यांवरून साडेबारा टक्के झाला आणि करातून वगळलेली रक्कम वर्षाला एक लाखावरून सव्वा लाखावर गेली. त्याआधीच्या शेकडो कॅप्शन त्या दिवशी चुकीच्या ठरल्या. कराविषयीच्या मजकुरात आर्थिक वर्ष लिहावे आणि अर्थसंकल्पानंतर जुना मजकूर उघडून पाहावा. नुसती तळटीप जोडण्यापेक्षा तो काढून टाकणे बरे.

मजकुराखालचा मजकूर

कॅप्शन लिहून झाली तरी काम संपत नाही, कारण खाली प्रतिक्रिया येतात. ‘सर, कोणता फंड चांगला?’ हा प्रश्न हमखास येतो. सल्लागाराने आधी ग्राहकाची आर्थिक स्थिती आणि जोखीम पेलण्याची ताकद तपासावी, लेखी करार करावा आणि मगच त्याला योग्य असा सल्ला द्यावा, असे नियम सांगतात. अनोळखी व्यक्तीला प्रतिक्रियेत फंडाचे नाव सांगणे या सगळ्याला बगल देणे होय. पण ‘नियमानुसार उत्तर देता येणार नाही’ एवढे बोलून दार लावण्याचीही गरज नाही. “पैसे कधी लागणार आहेत हे कळल्याशिवाय नाव सांगणे तुमच्या हिताचे होणार नाही. दोन वर्षांनी लागणारे आणि पंधरा वर्षांनी लागणारे पैसे एका फंडात बसत नाहीत,” असे उत्तर देता येते. यात नकार आहे आणि तो का, तेही आहे.

याहून अवघड असते कौतुक. ‘तुमच्यामुळे वर्षात ४० टक्के मिळाले’ असे एखादा ग्राहक आनंदाने लिहितो. त्याने लिहिणे वेगळे. सल्लागाराने ती प्रतिक्रिया वर टाचून ठेवणे किंवा तिचे चित्र करून पुन्हा प्रसिद्ध करणे म्हणजे पूर्वीच्या कामगिरीची जाहिरात स्वतःच्या तोंडून न करता दुसऱ्याच्या तोंडून करणे. आभार मानावेत आणि थांबावे.

जाहिरात प्रसिद्ध करण्यापूर्वी पर्यवेक्षी संस्थेची मंजुरी घेणे आणि तिची प्रत पाच वर्षे जपणे, ही बंधनेही सल्लागारावर आहेत. त्यामुळे सकाळी बाजार उसळला म्हणून दुपारी खुसखुशीत ओळ टाकण्याची पद्धत या व्यवसायात बसत नाही. मजकूर महिन्याच्या आगाऊ नियोजनाने लिहावा लागतो. ते एका परीने बरेच, कारण उसळत्या बाजारात लिहिलेली ओळ पडत्या बाजारात वाचवत नाही.

वकिलांची वाट वेगळी

वकिलांच्या बाबतीत प्रश्न सुराचा नंतर आहे, आधी परवानगीचा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे काम मागता येत नाही किंवा जाहिरात करता येत नाही; पत्रके, दलाल, खासगी गाठीभेटी, स्वतः चालवत असलेल्या खटल्याच्या संदर्भात वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून आणणे, हे सारे निषिद्ध आहे. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची असावी आणि तीवर आपण अमुक प्रकारच्या खटल्यांत निष्णात आहोत असे लिहू नये, इतक्या बारकाईने हा नियम लिहिलेला आहे. २००८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वकिलाला संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, नोंदणीचा तपशील, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे देण्याची मुभा मिळाली. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवरून काम मिळवणाऱ्या वकिलांविरुद्ध कारवाई करण्याचे निर्देश कौन्सिलला दिले, आणि मार्च २०२५ मध्ये कौन्सिलने समाजमाध्यमांवरील वकिलांच्या जाहिरातबाजीवर जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणून भारतातील विधी संस्थेच्या कॅप्शनमध्ये ‘आजच संपर्क साधा’, जिंकलेल्या खटल्यांची यादी, अशिलांची नावे आणि ‘तज्ज्ञ’ हा शब्द यांना जागा नाही.

उरते ती कायद्याची माहिती, आणि तिथेही खोटे आश्वासन शिरतेच. ‘एका महिन्यात परस्परसंमतीने घटस्फोट’ हे त्याचे नेहमीचे रूप. हिंदू विवाह कायद्यानुसार संयुक्त अर्जापूर्वी पती-पत्नी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात आणि अर्जानंतर सहा महिन्यांचा थांबा असतो. योग्य प्रकरणात न्यायालय हा थांबा माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. पण माफ करणारे न्यायालय असते, वकील नव्हे. इथेही क्रियापदाच्या कर्त्याची तीच कसोटी लागू पडते.

न वटलेल्या धनादेशाविषयीची कॅप्शन कशी असावी, ते पाहू:

“चेक वटला नाही? बँकेकडून तसे कळल्याच्या तारखेची नोंद ठेवा. त्या तारखेपासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. बँकेचा मेमो, चेक आणि नोटिशीची पोच जपून ठेवा. ही सर्वसाधारण माहिती आहे. तुमच्या प्रकरणातील तारखा वेगळ्या असू शकतात.”

‘परक्राम्य संलेख अधिनियम, कलम १३८’ हे शब्द यात नाहीत आणि ते नसल्याने काही बिघडले नाही. तारखा मात्र आहेत, कारण त्या चुकल्या की हक्काची तक्रार अडचणीत येते. ‘पैसे वसूल करून देऊ’ असे कुठे म्हटलेले नाही. ‘तक्रार करता येते’ एवढेच म्हटले आहे आणि तेवढेच खरे आहे. शेवटी दूरध्वनी क्रमांक नाही. चेक न वटल्याची खरी कागदपत्रे घेऊन कुणी त्या प्रतिक्रियांत आपली कहाणी लिहू लागला, तर ती तिथे लिहू नका, समोरची बाजूही ती वाचू शकते, एवढेच त्याला सांगावे आणि तपशील असलेली प्रतिक्रिया काढून टाकावी.